फेस्टचं कॅप्शन लिहायच्या आधी फोन कोण उचलणार ते ठरवा

प्रश्न: आमच्या नाशिकच्या कॉलेजचा कल्चरल फेस्ट २८, २९, ३० जानेवारीला आहे. स्पॉन्सर पण हवेत आणि तिकिटं पण विकायचीत. इन्स्टावर एकाच पोस्टमध्ये दोन्ही बसवायचंय, तारखा आणि कॉन्टॅक्टसकट. मागच्या वर्षी लाईक भरपूर आले पण फोन कुणाचाच नाही आला. कॅप्शन कसं लिहू?

उत्तर:

मी नाशिकमध्ये दुकानांची आणि कार्यक्रमांची जाहिरात करतो, आणि दर डिसेंबरला कॉलेजची मुलं असंच कॅप्शन घेऊन येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मागच्या वर्षीचं तुमचं कॅप्शन मी पाहिलेलं नाही, पण या प्रकारात साधारण असं काहीतरी असतं: "प्रतीक्षा संपली!! नाशिकचा सगळ्यात भव्य फेस्ट पुन्हा येतोय, म्युझिक, डान्स, ड्रामा आणि बरंच काही, तयार राहा! स्पॉन्सरशिप आणि तिकिटांसाठी डीएम करा." आणि खाली वीस हॅशटॅग. आता हे वाचून लाईक करता येतं, दुसरं काहीच करता येत नाही. कधी आहे ते नाही, कुठे आहे ते नाही, मला येता येईल का ते नाही, पैसे किती ते नाही. आणि डीएम म्हणजे कमिटीतल्या ज्या मुलाकडे अकाउंटचा पासवर्ड आहे त्याचा इनबॉक्स, तिथे अनोळखी माणसाचा मेसेज रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतो आणि तो मुलगा नेमका त्या आठवड्यात सबमिशनमध्ये अडकलेला असतो.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. आधी कॉन्टॅक्टचा रस्ता पक्का करायचा, म्हणजे मेसेज कुणाकडे येणार, तो माणूस किती वाजता मोकळा असतो, त्याच्याकडे पाठवायला काय तयार आहे, आणि हे सगळं जागेवर आलं की मग कॅप्शन लिहायला बसायचं.

रस्ते दोन वेगवेगळे लागतात, कारण माणसं दोन वेगळी आहेत. तिकीट घेणारा पोरगा किंवा पोरगी रात्री अकराला अंथरुणात पडून पोस्ट बघते, तिला दोन मिनिटांत तिकीट मिळालं पाहिजे, फोनवर बोलायची तिची इच्छाच नसते. स्पॉन्सर म्हणजे कॉलेज रोडचा कॅफेवाला, गंगापूर रोडचा क्लासवाला, मेन रोडचा कापडवाला, त्याला बोलायचंच असतं, आणि तेही दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. हे दोघं एकाच नंबरवर आले की तिकिटाच्या "भाऊ पास आहे का" या मेसेजांच्या ढिगात स्पॉन्सरचा एक मेसेज गाडला जातो. आणि तो माणूस दुसऱ्यांदा मेसेज करत नाही, तेवढ्यात दुसऱ्या कॉलेजची मुलं दुकानात येऊन गेलेली असतात.

तर दोन नंबर. कुणाचे पर्सनल नंबर नकोत, विशेषतः मुलींचे तर अजिबात नकोत, कारण पोस्ट एकदा फिरली की फेस्ट संपल्यावरही महिनोन्‌महिने रात्री-अपरात्री फोन येत राहतात. कमिटीसाठी दोन सिम घ्या, जुन्या फोनमध्ये टाका, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालू करा. त्यात लेबल लावता येतात, तयार उत्तरं साठवून ठेवता येतात, आणि आपोआप उत्तरही पाठवता येतं: स्पॉन्सरच्या नंबरवर रात्री मेसेज आला तर "सकाळी सांगतो", आणि तिकिटाच्या नंबरवर कधीही आला तरी लगेच पैसे भरायची लिंक. मग प्रत्येक नंबरची लिंक बनवा, अशी:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=SPONSOR
https://wa.me/91YYYYYYYYYY?text=TICKET
```

९१ च्या पुढे अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मध्ये स्पेस किंवा डॅश नको, नाहीतर लिंक उघडत नाही. शेवटचा शब्द समोरच्याच्या चॅटमध्ये आधीच टाईप झालेला येतो, त्याला फक्त पाठवा दाबायचं असतं, आणि तुम्हालाही लगेच कळतं की हा माणूस कशासाठी आलाय.

आता या लिंक कॅप्शनमध्ये टाकू नका. इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक दाबली जात नाही, नंबर दाबून कॉल लागत नाही, आणि फोनच्या ॲपमधून तो सहज कॉपीही होत नाही. म्हणजे कॅप्शनमधला नंबर माणसाला पाठ करून डायल करावा लागतो, तेवढं कोण करतंय. लिंक बायोमध्ये टाका, तिथे एकापेक्षा जास्त लिंक टाकता येतात आणि प्रत्येकीला नाव देता येतं, एकीला "तिकीट" आणि दुसरीला "स्पॉन्सर" एवढंच नाव द्या. कॅप्शनमध्ये फक्त "बायोमध्ये तिकीट नावाची लिंक" असं लिहा. स्पॉन्सरचा नंबर मात्र कॅप्शनमध्ये आणि पोस्टरच्या चित्रावरही लिहा, कारण दुकानदार बऱ्याचदा पोस्ट स्वतःच्या फोनवर बघतच नाही, त्याचा पुतण्या किंवा दुकानातला पोरगा स्क्रीनशॉट दाखवतो.

मग पहिल्या दोन ओळी. फीडमध्ये कॅप्शनचा तेवढाच तुकडा दिसतो, पुढे more दाबावं लागतं, आणि बहुतेक लोक दाबत नाहीत. एकूण मर्यादा २२०० अक्षरांची आहे, ती तुम्हाला कधीच कमी पडणार नाही, कमी पडतात त्या या दोन ओळी. तिथे "प्रतीक्षा संपली" लिहिलं की सगळ्यात महागडी जागा वाया गेली. तिथे तारीख, वार, जागा, बाहेरच्यांना एन्ट्री आहे की नाही, तिकीट कितीपासून, आणि स्पॉन्सरसाठी शेवटची तारीख, बस. फेस्टचं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरात असतंच आणि अकाउंटच्या नावातही असतं, ते पहिल्या ओळीत परत नको.

तारखेबरोबर वार आणि वर्ष दोन्ही लिहा. वार यासाठी की लोक "शनिवारी मोकळा आहे का" असा विचार करतात, तीस तारखेला मोकळा आहे का असा करत नाहीत. आणि वर्ष यासाठी की फेस्टच्या पोस्ट मरत नाहीत, पुढच्या जानेवारीत कुणीतरी जुनीच फॉरवर्ड करतं आणि लोक गेटवर येऊन उभे राहतात. तुमच्या तारखा २०२७ च्या असतील तर गुरुवार, शुक्रवार, शनिवार येतात, तरी पोस्ट करण्याआधी कॅलेंडर उघडून बघाच, वार चुकला की कमेंटमध्ये तेवढीच एक चर्चा चालते.

माझ्या हातचं कॅप्शन असं असेल. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही टाका:

"२८-२९-३० जानेवारी २०२७, गुरु-शुक्र-शनि, कॉलेज रोड, नाशिक.
सगळ्यांना एन्ट्री. तिकीट १०० रुपयांपासून. स्पॉन्सर ९ जानेवारीपर्यंत.

गुरुवार: एकांकिका आणि पथनाट्य, सकाळी १० पासून.
शुक्रवार: ग्रुप डान्स आणि फॅशन शो, दुपारी २ पासून.
शनिवार: बँड आणि लाईव्ह गाणी, संध्याकाळी ६ ते ९:४५. मोकळं मैदान आहे, स्वेटर घेऊन या.

तिकीट: गुरुवार किंवा शुक्रवार १००, शनिवार २५०, तिन्ही दिवस ३५०. बायोमध्ये 'तिकीट' लिंक, नाहीतर कॉलेजच्या मेन गेटवरचा स्टॉल, रोज ११ ते ४. पैसे भरताना कॉलेजच्याच खात्याचं नाव दिसेल, दुसरं नाव दिसलं तर भरू नका. कुठल्याही कॉलेजचं आयडी किंवा आधार सोबत ठेवा.

दुकान, क्लास, कॅफे, शोरूमवाल्यांसाठी: तीन दिवसांचा स्टॉल ६,००० रुपये, एका स्पर्धेचं प्रायोजकत्व १५,००० पासून. बक्षिसं, चहा-नाश्ता, प्रिंटिंग अशा वस्तूरूपातही चालेल. मागच्या वर्षी गेटच्या रजिस्टरप्रमाणे रोज साधारण ८०० जण आले होते. स्पॉन्सर टीम: 98XXXXXXXX, दुपारी ३ ते रात्री ८, कॉल किंवा व्हॉट्सॲप. पत्र आणि पावती कॉलेजच्या नावाने मिळेल. बॅनरवर लोगो हवा असेल तर ९ जानेवारी, शनिवारपर्यंत कळवा."

एवढंच. हॅशटॅग तीन-चार टाका, नाशिकचा एक, कॉलेजचा एक, फेस्टचा एक. लोकेशन टॅग मात्र विसरू नका.

यातल्या काही ओळी अशा का आहेत ते सांगतो, कारण तुम्ही त्या बदलणार आणि बदलताना नेमकं कामाचं तेच गळून जाईल.

स्पॉन्सरचा सुरुवातीचा आकडा उघड लिहिलाय. कमिटीतले सिनिअर म्हणतील की रेट लिहू नका, बोलताना वाढवून घेऊ. मोठ्या रकमेसाठी ते बरोबर आहे, पण टायटल स्पॉन्सर कॅप्शन वाचून येतच नाही, तो ओळखीतून येतो, माजी विद्यार्थ्याकडून येतो, कुणाच्या तरी वडिलांच्या अंबड-सातपूरच्या कंपनीतून येतो, आणि त्यासाठी समोर जाऊन बसावंच लागतं. कॅप्शनने येतात ते छोटे, आणि छोट्या दुकानदाराला वाटतं की हे लाखाचं काम असणार, आपण कशाला विचारा. सहा हजार दिसले की तो विचारतो.

आणि तो विचारतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय हिशोब चालू असतो ते बघा, म्हणजे बाकीच्या ओळी कळतील. समजा कॅफेवाला आहे, एका प्लेटमागे माल, गॅस, पोरांचा पगार काढून त्याच्या हातात ४० रुपये राहतात. सहा हजार भाडं निघायला १५० प्लेटा विकाव्या लागतात, म्हणजे दिवसाला ५०. रोज ८०० जण येत असतील तर सोळातला एक जण आला तरी भाडं निघालं, पुढचं सगळं नफा, शिवाय नाव झालं ते वेगळं. हा हिशोब त्याला जागेवर करता येतो, कारण तुम्ही तीन दिवस, सहा हजार आणि आठशे हे तिन्ही आकडे दिलेत. त्याऐवजी "दहा हजारांची गर्दी" लिहिलंत तर कॉलेज रोडवर वीस वर्षं दुकान चालवणारा माणूस तुमचं मैदान रोज बघतो, त्यात किती माणसं मावतात ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं, आणि मग बाकीचं सगळंच त्याला खोटं वाटायला लागतं. गेटवर रजिस्टर किंवा रिस्टबँडचा हिशोब ठेवला नसेल तर आकडा टाकूच नका, त्याऐवजी कॉलेजची पटसंख्या आणि किती कॉलेजच्या टीम नोंदल्या गेल्या ते लिहा. आणि या वर्षी मोजा, पुढच्या कमिटीला लागेल.

पावती कॉलेजच्या नावाने, ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नाशिकच्या दुकानदाराकडे गणपती, नवरात्र, शिवजयंती सगळ्यांची वर्गणी येते, आणि कॉलेजच्या नावावर पोरं पैसे नेतात असा त्याला संशय असतोच. कॉलेजचं पत्र, प्राचार्यांची सही आणि शिक्का, चेक कॉलेजच्या खात्यावर, एवढं असलं की बोलणं पुढे सरकतं. पत्र आधी तयार करा, पीडीएफ त्या सिमच्या फोनमध्ये ठेवा, SPONSOR मेसेज आला की पाच मिनिटांत पत्र आणि एक पानाचा रेटचा तक्ता गेला पाहिजे. वीस पानांचं प्रेझेंटेशन दुकानदार उघडत नाही.

लोगोची शेवटची तारीख प्रिंटिंगमुळे येते. फेस्ट २८ ला असेल तर बॅनर निदान चार-पाच दिवस आधी लागायला हवेत, त्याआधी प्रिंटरचे दोन-तीन दिवस, त्याआधी डिझाईन आणि प्रत्येक स्पॉन्सरकडून "लोगो बरोबर आहे" असा होकार, आणि कुणीतरी एक जण लोगो व्हॉट्सॲपवरून धूसर फोटो म्हणून पाठवतोच, तो परत मागण्यात दोन दिवस जातात. म्हणून ९ तारीख. आणि "शहरभर तुमचे बॅनर लावू" असं कुठेच कबूल करू नका, रस्त्यावर बॅनर लावायला महापालिकेची परवानगी लागते, कॉलेजच्या आवारात आणि तुमच्या पोस्टरवर जेवढं देऊ शकता तेवढंच लिहा. अजून एक, आपल्याकडे वायनरी आहेत आणि कुणीतरी सुचवेलच की त्यांना विचारू, पण मद्याचा ब्रँड कॉलेजच्या बॅनरवर प्राचार्य येऊ देणार नाहीत आणि देऊही नये, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका.

तिकिटाच्या बाजूला शनिवारची वेळ ९:४५ पर्यंत लिहिलीय ती मुद्दाम. मोकळ्या मैदानात रात्री १० ला स्पीकर बंद करावे लागतात, आणि पोस्टवर "रात्री उशिरापर्यंत" लिहिलं की लोक साडेआठला येतात आणि दीड तासात बंद झालं म्हणून पैसे परत मागतात. शिवाय वेळ संपायची कळली की सिन्नर, ओझर, नाशिकरोडची मुलं घरी कसं जायचं ते आधी ठरवतात, आणि मुलींच्या घरून परवानगी मिळते ती नेमकी याच ओळीवर. सुरू किती वाजता होणार ते सगळे लिहितात, संपणार किती वाजता ते क्वचितच कुणी लिहितं. आणि सिंहस्थाच्या वर्षात आपल्याकडचे रस्ते कधी कुठून वळवतील सांगता येत नाही, त्यामुळे कुठल्या गेटने आत यायचं आणि गाडी कुठे लावायची हे एका ओळीत नक्की वाढवा, मला तुमचं कॉलेज माहीत नाही म्हणून मी ते रिकामं ठेवलंय.

पैसे भरताना दिसणाऱ्या नावाची ओळ फसवणुकीसाठी आहे. शनिवारचा कार्यक्रम जोरात असला की शेवटच्या आठवड्यात कुणीतरी तुमच्याच पोस्टरवर स्वतःचा क्यूआर चिकटवून "शेवटचे पास" विकतं. यूपीआयमध्ये पैसे जायच्या आधी खातेदाराचं नाव दिसतं, ते कुठलं दिसायला हवं हे लोकांना आधीच माहीत असलं की बरीच फसवणूक तिथेच थांबते. याच कारणाने कमिटीतल्या मुलाच्या पर्सनल यूपीआयवर पैसे घेऊ नका, तो कितीही विश्वासाचा असला तरी. आणि तिकिटाचा क्यूआर गेटवर एकदा स्कॅन झाला की बाद व्हायला हवा, नाहीतर एकाच स्क्रीनशॉटवर आख्खा ग्रुप आत येतो.

आता मुळात एकच पोस्ट करायची का, तर माझं मत नाही. दुकानदाराला दिवाळी झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी विचारायला हवं, दिवाळीच्या आधी तो धंद्यात बुडालेला असतो आणि जानेवारीत विचारलं तर "आता उशीर झाला, पुढच्या वर्षी या" म्हणतो. तिकीट घेणारा मात्र दोन-तीन आठवडे आधीच हलतो, महिनाभर आधी सांगितलं तर "बघू" म्हणून विसरतो. त्यामुळे जमलं तर स्पॉन्सरची पोस्ट आधी टाका, त्यात तिकिटाची एकच ओळ, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिकिटाची पोस्ट, त्यात स्पॉन्सरची एकच ओळ. दोन्ही प्रोफाईलवर वर पिन करा. एकच करायची असेल तर वरचा नमुना आहेच, त्यात तिकीट वर आणि स्पॉन्सर खाली ठेवलंय, कारण दुकानदाराला गरज असेल तर तो खालपर्यंत वाचतो, पोरं वाचत नाहीत.

व्हॉट्सॲपसाठी हाच मजकूर जसाच्या तसा टाकू नका. तिथे बायो नसतो, त्यामुळे दोन्ही wa.me लिंक मजकुरातच द्या, तिथे त्या दाबता येतात. फोन नंबर इंग्रजी आकड्यांतच टाईप करा, म्हणजे दाबून कॉल लागतो. आणि फॉरवर्ड होताना कधी फक्त चित्र पुढे जातं, खालचा मजकूर मागे राहतो, म्हणून तारीख, जागा आणि नंबर चित्रावर हवेतच. दुकानदारांसाठीचा मेसेज मराठीत, सरळ, इमोजीशिवाय लिहा, "नमस्कार, आम्ही अमुक कॉलेजचे विद्यार्थी" असा सुरू करा, पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तीन-चारच्या सुमारास पत्र घेऊन प्रत्यक्ष जा. मेसेजनंतर गेलं की "हो, आला होता मेसेज" इथून बोलणं सुरू होतं, नाहीतर दारातूनच परत पाठवतात.

पोस्ट टाकल्यावर लाईक बघू नका, SPONSOR आणि TICKET हे दोन शब्द किती आले ते रोज रात्री मोजा. शब्द येतायत पण तिकीट विकलं जात नाही, तर दोष किमतीत किंवा पेमेंटच्या पायरीत आहे, कॅप्शनमध्ये नाही, अशा वेळी स्वतः बाहेरच्या फोनवरून एक तिकीट काढून बघा, कुठे अडकतं ते कळेल. शब्दच येत नसतील तर पहिल्या दोन ओळी बदला. आणि कमेंटमध्ये "बाहेरच्यांना एन्ट्री आहे का", "गेटवर मिळेल का" असं दोन-तीन जणांनी विचारलं तर कमेंटला उत्तर द्याच, पण तीच गोष्ट कॅप्शनमध्येही घाला, कॅप्शन नंतर एडिट करता येतं. ९ तारीख गेली की स्पॉन्सरचा लोगोचा मजकूर काढून फक्त स्टॉल शिल्लक असतील तर तेवढंच ठेवा, आणि शनिवारची तिकिटं संपली की पहिल्याच ओळीत "शनिवार फुल, गुरु-शुक्र शिल्लक" लिहा, तसंच तिकिटाच्या नंबरवरून आपोआप जाणारी पैसे भरायची लिंकही त्याच तासात बदला, नाहीतर पैसे भरून बसलेल्यांना परत करण्यात फेस्टच्या आदल्या दोन रात्री जातील.